दोरीच्या आत फक्की

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या मैदानांवर फक्की पडायला लागते. डिसेंबरातल्या क्रीडास्पर्धा तोंडावर असतात, पावसाळ्यात वाढलेलं गवत कापून झालेलं असतं आणि पी.टी.चे सर दोन-चार मुलांना हाताशी घेऊन टेप, सुतळी आणि खुंट्यांची पिशवी काढतात. दुपारपर्यंत मैदानावर पांढऱ्या रेषांचं जाळं उभं राहतं. लांबून ते छानच दिसतं. पण ज्या मुलीला चौथ्या लेनमध्ये २०० मीटर धावायचं आहे, तिच्यासाठी या रेषा छान दिसतात की नाही हा प्रश्नच नसतो. तिला पहिल्या लेनमधल्या मुलीइतकंच अंतर मिळालं का, एवढंच महत्त्वाचं असतं. बहुतेक मैदानांवर ते मिळत नाही. त्याचं कारण टेप खोटी असणं हे क्वचितच असतं. रेषेला स्वतःची जाडी असते, आणि माप त्या जाडीच्या नेमक्या कोणत्या कडेपासून घ्यायचं हे ठरवलेलं नसतं, तिथे बहुतेक वेळा गफलत होते.

म्हणून आखणीला हात घालण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी. दोरी ताणली की ती रेषेची एक कड दाखवते, सबंध रेषा दाखवत नाही. रेषा पाच सेंटिमीटर रुंद असेल तर ती फक्की दोरीच्या डावीकडे टाकायची की उजवीकडे, हे प्रत्येक खेळाच्या नियमाने ठरलेलं असतं. दोरीवर मधोमध फक्की ओतत जाणं ही सगळ्यांत सोपी सवय आहे, आणि तिने प्रत्येक माप अडीच सेंटिमीटरने सरकतं.

आता एक मैदान घेऊ. साधारण ९५ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या पुष्कळ शाळांकडे असतं तेवढं. इथे ४०० मीटरचा ट्रॅक बसत नाही, २०० मीटरचा चार लेनचा मात्र आरामात बसतो. ट्रॅक म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. सरळ बाजू ४० मीटरची धरली तर दोन्ही मिळून ८० मीटर झाले. उरलेले १२० मीटर दोन वळणांत वाटायचे, म्हणजे एका वळणाला ६०. अर्धवर्तुळाची लांबी ६० मीटर हवी तर त्रिज्या किती? ६० भागिले ३.१४१६, म्हणजे १९.१० मीटर.

इथेच पहिला फसवा वळसा आहे. ही १९.१० मीटरची त्रिज्या धावणाऱ्याच्या पावलांची आहे, रेषेची नाही. रेषेवर पाय ठेवून कुणी धावत नाही, धावणारा तिच्यापासून थोडा बाहेरून जातो. हे ‘थोडं’ म्हणजे किती, ते अॅथलेटिक्सच्या नियमांत ठरलेलं आहे. ट्रॅकच्या आतल्या कडेला उंच कठडा बसवलेला असेल तर ३० सेंटिमीटर, आणि नुसती रेषा असेल तर २० सेंटिमीटर. कठड्याला पाय अडखळेल म्हणून धावणारा जास्त लांबून जातो, रेषेच्या मात्र तो जवळून जातो. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात पावलांच्या त्रिज्येला आरडीआर आणि आखायच्या त्रिज्येला सीडीआर म्हणतात. २०० मीटरच्या ट्रॅकसाठी १९.०९ आणि १८.७९ ही जोडी कित्येक शिक्षकांना तोंडपाठ असते. त्यांच्यातला फरक ३० सेंटिमीटरचा, म्हणजे हे आकडे कठडा असलेल्या ट्रॅकचे आहेत. शाळेच्या मैदानावर कठडा नसतो, फक्की असते. तिथे आखायची त्रिज्या १९.१० वजा ०.२० म्हणजे १८.९० मीटर घ्यायला हवी.

दहा सेंटिमीटरने काय बिघडतं, असं वाटू शकतं. त्रिज्येत एक सेंटिमीटर चुकला की पूर्ण फेरीत सव्वासहा सेंटिमीटरची चूक होते. ट्रॅक मोठा असो की छोटा, हे प्रमाण बदलत नाही. दहा सेंटिमीटरला ६३ सेंटिमीटर होतात. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या लेनपासून पुढे प्रत्येक लेनची आतली बाजू नेहमीच रेषेची असते. कठडा फक्त पहिल्या लेनला असतो. त्यामुळे पुस्तकातले आकडे बाकीच्या लेनना बरोबर लागू पडतात आणि पहिल्या लेनचीच फेरी १९९.३७ मीटरची होते. म्हणजे शिक्षकाने पुस्तकाबरहुकूम, मनापासून आखणी केली तरी पहिल्या लेनमधल्या मुलाला ६३ सेंटिमीटरची सूट मिळते. तीस सेकंदांत २०० मीटर धावणाऱ्या मुलाला हे अंतर कापायला जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो. शालेय स्पर्धेत पहिला आणि दुसरा यांच्यात पुष्कळदा एवढाही फरक नसतो.

आता प्रत्यक्ष आखणी. मैदानाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने एक दोरी घट्ट ताणून घ्यावी. तिच्यावर ४० मीटर अंतराने दोन खुंट्या ठोकायच्या. ही दोन वळणांची केंद्रं झाली. सबंध ट्रॅक या दोन खुंट्यांवर उभा राहणार असल्याने त्या पक्क्या हव्यात. लाकडी खुंटी जमिनीलगत ठोकून तिच्या डोक्यावर पातळ खिळा मारला तर उत्तम. जाड लोखंडी सळईत टेपची कडी अडकवून फिरवली की टेपचं शून्य सळईच्या मध्यावर न येता तिच्या पाठीमागे जातं. हा फरक आठ-नऊ मिलिमीटरचा असला तरी फेरीत पाच-साडेपाच सेंटिमीटर होतो. टेप हातात घेतल्यावर तिचं शून्य कुठे आहे तेही आधी पाहावं. काही टेपांत ते कडीच्या टोकाला असतं, काहींत कडीनंतर थोडी जागा सोडून. टोक झिजलेलं किंवा तुटून पुन्हा जोडलेलं असेल तर एक मीटरच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करावी आणि प्रत्येक मापात एक मीटर मिळवायला विसरू नये.

दोन्ही केंद्रांवर मधल्या दोरीला काटकोनात रेषा काढायची आहे. काटकोनासाठी तीन, चार, पाचचा त्रिकोण आपण शाळेतच शिकलेलो असतो. मैदानावर तो तीन-चार-पाच मीटरचा घेऊ नये, तिप्पट करावा. लहान त्रिकोणात कर्णात एक सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर पन्नासेक मीटरवर रेषा वीस सेंटिमीटरने भरकटते. नऊ, बारा, पंधराच्या त्रिकोणात तीच चूक सात सेंटिमीटरपर्यंत खाली येते. यासाठी तीस मीटरची एक टेप पुरते. केंद्रापासून मधल्या दोरीवर १२ मीटरवर एक खूण करायची. एक मूल टेपचं शून्य केंद्रावर धरतं, दुसरं २४ मीटरची खूण त्या १२ मीटरच्या खुणेवर धरतं आणि तिसरं ९ मीटरची खूण पकडून बाजूला चालत जातं. दोन्ही बाजू सारख्या ताणल्या गेल्या की ते मूल जिथे उभं राहतं, तो बिंदू केंद्राशी काटकोन करतो. एक बाजू नऊ मीटर, दुसरी पंधरा. कागदावर काढलेला पायथागोरस इथे तीन मुलांच्या हातांत येतो, आणि टेप सैल सुटली की बिंदू कसा सरकतो तेही त्यांना तिथेच दिसतं.

या रेषेवर दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खुंट्या ठोकायच्या. दुसऱ्या केंद्रावर तेच. आता चार खुंट्यांचा एक आयत तयार होतो, ४० मीटर लांब आणि ३७.८० रुंद. फक्कीला हात लावायच्या आधी त्याचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते ५५ मीटर आणि साडेतीन सेंटिमीटर यायला हवेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकमेकांशी जुळायला हवेत. दोन्ही बाजू ४० आणि ३७.८० भरत असूनही कर्ण वेगवेगळे आले तर आकृती आयत नाही, कलंडलेली आहे. तिला जास्त लांबीच्या कर्णाच्या दिशेने दाबावं लागतं. मैदानावर घाई असते म्हणून हीच तपासणी पहिली वगळली जाते. मग संध्याकाळी एका टोकाला वळण सरळ बाजूला भेटतच नाही आणि मधे एक कोपरा राहतो. तो कोपरा डोळ्यांना दिसला की समजावं, चूक सकाळच्या काटकोनात आहे. वळण वाकवून तो बुजवू नये.

वळण फिरवताना सुतळी किंवा नायलॉनची दोरी अजिबात वापरू नये. ओढणाऱ्याचा हात जसा जड तशी ती लांबते. अर्धवर्तुळाच्या सुरुवातीला ताजा असलेला हात शेवटी दमतो आणि त्रिज्या वाटेतच आखडते. कॉयरची दोरी दवात भिजली की आणखी वेगळी वागते. केंद्रावर टेप लावावी, ती जमिनीलगत, आडवी आणि प्रत्येक वेळी सारख्या ताणाने धरावी आणि १८.९० वर दर दोन मीटरला एक खिळा किंवा काडी रोवत जावं. एका वळणाला तीसेक काड्या लागतात. त्यांच्या बाहेरून दोरी फिरवली की रेषेची बाहेरची कड मिळते. फक्की दोरीच्या आतल्या अंगाला, केंद्राच्या दिशेने टाकायची. ट्रॅकवर धावणं घड्याळाच्या उलट दिशेने असतं, डावा हात आत. नियमाप्रमाणे लेनच्या उजवीकडची रेषा त्या लेनच्या रुंदीत धरली जाते. त्यामुळे सगळ्याच रेषांना एकच गोष्ट लागू पडते. दोरी १८.९० वर, मग १.२२ मीटरची एकेक लेन वाढवत २०.१२ वर, २१.३४ वर, २२.५६ वर, आणि शेवटची बाहेरची कड २३.७८ वर. प्रत्येक वेळी फक्की दोरीच्या आतच.

वळण बरोबर आलं का ते पडताळायला एक सोपी वाट आहे. पहिल्या रेषेच्या बाहेरच्या कडेपासून २० सेंटिमीटरवर ठिकठिकाणी काड्या लावायच्या आणि त्यांना लागून टेप उभ्या कडेवर वळवत न्यायची. एका अर्धवर्तुळाला बरोबर ६० मीटर भरले पाहिजेत. दोन-तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतील. दहा सेंटिमीटरचा फरक आला तर त्रिज्येत तीन सेंटिमीटर चुकले आहेत, हे काड्या काढायच्या आधीच कळतं.

आता लेनमधली पुढेमागे उभी राहण्याची जागा, म्हणजे स्टॅगर. आपण नुसत्या रेषेचा ट्रॅक घेतल्यामुळे हिशेब फार सरळ झाला आहे. प्रत्येक लेनमध्ये धावणारा आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर, आणि प्रत्येक लेन आधीच्यापेक्षा १.२२ मीटर बाहेर. म्हणून पूर्ण फेरीत प्रत्येक लेनला आधीच्या लेनपेक्षा दोन गुणिले ३.१४१६ गुणिले १.२२, म्हणजे ७.६७ मीटर जास्त पडतात. दुसरी लेन ७.६७ मीटर पुढे, तिसरी १५.३३ आणि चौथी २३.०० मीटर पुढे. पुस्तकात दिसणारा ७.०४ हा आकडा कठड्याच्या ट्रॅकचा आहे. १८.९० च्या त्रिज्येवर तो लावला तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधली मुलं प्रत्येकी ६३ सेंटिमीटर जास्त धावतात. म्हणजे त्रिज्या आणि स्टॅगर एकाच हिशेबातून आले पाहिजेत. एक इथून आणि एक तिथून घेतलं की पहिल्या लेनला फायदा होतोच.

हे अंतर वळणावर मोजायचं असल्यामुळे टेप सरळ लावून ७.६७ घेता येत नाही. धावणाऱ्याच्या वाटेवरचा कंस आणि रेषेवरची सरळ जीवा यांत फरक असतो. दर वेळी कंस मोजायला नको म्हणून जीवा काढून ठेवलेली बरी. आपल्या ट्रॅकवर सुरुवातीची रेषा वळण सुरू होतं तिथे आहे. त्या रेषेपासून दुसऱ्या लेनच्या आतल्या रेषेच्या बाहेरच्या कडेवर सरळ ७.५५ मीटरवर खूण करायची, तिसऱ्या लेनला १४.८७ वर, चौथीला २१.८४ वर. त्या खुणेतून केंद्राकडे टेप धरली की सुरुवातीच्या रेषेची दिशा मिळते. ती लेनला काटकोनात हवी, समोरच्या भिंतीला समांतर नको.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेलाही जाडी आहे. शर्यतीचं अंतर सुरुवातीच्या रेषेच्या मागच्या कडेपासून, म्हणजे धावणारा उभा असतो त्या बाजूच्या कडेपासून धरतात. शेवटच्या रेषेच्या बाबतीत धावणाऱ्याला जी कड आधी भेटते तिथपर्यंत धरतात. एका फेरीच्या शर्यतीत पहिल्या लेनची सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर असतो, आणि गंमत अशी की दोन्ही कामं त्या रेषेची एकच कड करते. म्हणून पहिल्या लेनला वेगळी रेषा काढायची गरज पडत नाही. याच मैदानावर १०० मीटरची सरळ शर्यत मात्र घेता येणार नाही. तिला शंभर मीटर आणि पुढे थांबायला जागा हवी. ती वळणावर घ्यायची तर पुन्हा स्टॅगर काढावा लागतो, आणि तो अर्धा असतो, कारण वळणही एकच लागतं.

फुटबॉलचं मैदान आखणं ट्रॅकच्या मानाने सोपं आहे, कारण त्यात काटकोनच जास्त. २०० मीटरच्या ट्रॅकच्या पोटात पूर्ण आकाराचं मैदान बसत नाही. लहान मुलांच्या सात-सात जणांच्या खेळासाठी ६० बाय ३० चं बसतं, आणि त्याचे कोपरे वळणाच्या रेषेपासून पाऊणेक मीटरहून थोडे जास्त लांब राहतात. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या आत मात्र १०५ बाय ६८ मीटरचं मैदान बसतं. तिथेही कोपरे कठड्यापासून जेमतेम एक मीटरवर येतात.

अकरा-अकरा जणांच्या खेळाला वेगळी जागा असेल तर लांबी किमान ९० आणि रुंदी किमान ४५ मीटर लागते. या मर्यादेत एक माप फार सोयीचं आहे. ९० लांब आणि ४८ रुंद. आठ, पंधरा, सतरा हाही काटकोन त्रिकोणच आहे, आणि त्याची सहापट केली की ४८, ९० आणि १०२ मिळतात. म्हणजे या मैदानाचा कर्ण दशांश चिन्हाशिवाय, बरोबर १०२ मीटर येतो. चारही कोपरे मधल्या बिंदूपासून बरोबर ५१ मीटरवर. कोपऱ्यांच्या खुंट्या ठोकल्यावर मध्यबिंदूवरून चार वेळा ५१ मीटर मोजले की आयत तपासून झाला. शंभर मीटरची टेप असेल तर हे एका दमात होतं. तीस मीटरच्या टेपने मोजायचं झाल्यास वाटेत खुंट्या ठोकाव्या लागतात, आणि त्या मधल्या दोरीच्या एका ओळीत आहेत याची खात्री करावी लागते. वाकडी गेलेली ओळ माप नेहमी वाढवूनच दाखवते.

फुटबॉलमध्ये सीमेच्या रेषा मैदानाचाच भाग असतात. त्यामुळे ९० आणि ४८ हे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आणि फक्की पुन्हा दोरीच्या आत. गोलरेषेची जाडी गोलखांबाइतकी ठेवायची, बारा सेंटिमीटरहून जास्त नाही. गोलरेषेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन मापं एकदम घ्यावीत. ३.६६ मीटरवर खांबाची आतली बाजू येते, ९.१६ वर लहान चौकटीची बाहेरची कड आणि २०.१६ वर पेनल्टी चौकटीची. बऱ्याच मैदानांवर पेनल्टी चौकट खांबाच्या बाहेरच्या बाजूपासून मोजलेली असते. नियम साडेसोळा मीटर आतल्या बाजूपासून मोजायला सांगतो. गोल ७.३२ मीटर रुंद, दोन्हीकडे साडेसोळा, म्हणून चौकट ४०.३२ मीटर रुंद. ही बेरीज मनात ठेवली की चूक लगेच लक्षात येते.

पेनल्टी चौकटीबाहेरच्या कमानीची गल्लत मला सर्वांत जास्त दिसली आहे. ती चौकटीच्या रेषेच्या मध्यावरून फिरवली जाते आणि मग पोट सुटल्यासारखी बाहेर येते. तिचं केंद्र पेनल्टीच्या ठिपक्यावर, गोलरेषेपासून ११ मीटरवर असतं, आणि त्रिज्या ९.१५, म्हणजे मधल्या वर्तुळाइतकीच. पेनल्टी मारताना इतर खेळाडूंनी चेंडूपासून तेवढं लांब राहावं म्हणून ती कमान असते. आतला भाग चौकटीत दडतो, म्हणून फक्त बाहेरचा आखायचा. ती बरोबर आली का हे तपासायला पायथागोरस पुन्हा मदतीला येतो. कमान चौकटीच्या रेषेला मध्यापासून ७.३१ मीटरवर भेटते. गोलाच्या रुंदीची दोरी मधल्या बिंदूवर धरून दोन्हीकडे टेकवली की कमानीची टोकं जवळजवळ तिथेच सापडतात. सापडली नाहीत तर ठिपका पुढेमागे गेला आहे.

कबड्डीचं मैदान लहान, आणि त्यामुळेच तिथली छोटी चूक मोठी ठरते. पुरुषांसाठी १३ बाय १०, महिलांसाठी १२ बाय ८ मीटर, दोन्ही बाजूंचं एकेक मीटर रुंदीचं राखीव क्षेत्र धरून. रेषा तीन ते पाच सेंटिमीटर रुंद आणि त्या मैदानाचाच भाग. म्हणून इथेही दोरीच्या आत फक्की. पुरुषांच्या मैदानाचा कर्ण १६.४० मीटर आणि महिलांच्या मैदानाचा १४.४२. एक बाजू दहा सेंटिमीटर कलंडली तर दोन कर्णांत सोळा सेंटिमीटरचा फरक पडतो, तेव्हा टेप लावली की लपत काही नाही.

मधली रेषा काढल्यावर पुढची सगळी मापं तिच्यापासून घ्यावीत. पुरुषांत निदानरेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्या एक मीटर मागे. त्यानंतर शेवटच्या रेषेपर्यंत १.७५ मीटर उरतात. महिलांत निदानरेषा ३ मीटरवर, बोनस ४ वर आणि मागे २ मीटर. पुष्कळदा ही मापं मागच्या रेषेकडून पुढे घेतली जातात, कारण तिथे खुंट्या आधीच असतात. मैदान कुठेतरी दोन-चार सेंटिमीटर कमी-जास्त झालं असेल तर ती सगळी चूक मग निदानरेषेवर येते. चढाईला आलेल्या खेळाडूने निदानरेषा ओलांडली की नाही यावर चढाईचा निकाल ठरतो, आणि बोनससाठी त्याचा पाय त्या पाच सेंटिमीटरच्या पट्टीपलीकडे जावा लागतो. म्हणून उरलीसुरली चूक मागच्या भागात जाऊ द्यावी. दोन्ही अंगणांच्या निदानरेषा मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर आहेत ना, हे शेवटी एकदा दोन्हीकडून मोजून पाहावं. एका बाजूला चढाई करणाऱ्याला पाच सेंटिमीटर जास्त जावं लागलं तर मध्यंतरात बाजू बदलल्याने ते भरून निघतं असं म्हणणारे भेटतात. पण सामना पहिल्या डावातच एकतर्फी झाला तर भरून निघायला काही उरत नाही.

कबड्डीच्या मातीवर काय टाकायचं याचाही विचार करायला हवा. तिथे खेळाडू अंगाने जमिनीवर पडतात, तोंड मातीला लागतं. चुनकळी ओल्या मातीवर किंवा घामाच्या अंगावर पडली की भाजते आणि डोळ्यात गेली तर दृष्टीला धोका होतो. विरवलेला चुनाही त्वचेला आणि डोळ्यांना जाळतोच, फक्त कमी. खडूची भुकटी किंचित महाग पडते, पण तिने अंग भाजत नाही. ट्रॅकवर आणि फुटबॉललाही तीच वापरलेली बरी, कारण पडायचं कुणाला चुकत नाही. जळकं ऑइल ओतून कायमच्या रेषा करण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. त्याने ती माती वर्षानुवर्षं खराब होते आणि पहिल्या पावसात तेल पसरून रेषेची कड पुसट होते. म्हणजे ज्या कडेसाठी एवढा खटाटोप केला, तीच जाते.

रेषा पावसात जाणारच. टिकवायच्या त्या खुणा. वळणांची दोन केंद्रं आणि ट्रॅकच्या चार कोपऱ्यांवर वीतभर खोल खड्डा घेऊन, सिमेंटमध्ये एकेक लोखंडी सळई जमिनीच्या थोडी खाली पुरून ठेवावी, खेळणाऱ्याच्या पायाला लागणार नाही अशी. वर खिळ्याने एक बिंदू ठोकावा आणि प्रत्येक सळईचं अंतर शाळेच्या इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून वहीत लिहावं. दोन कोपऱ्यांपासूनची दोन अंतरं मिळाली की सळई गवताखाली कितीही दडली तरी सापडते. त्याच वहीत १८.९०, ५५.०३५ आणि तीन जीवा लिहून ठेवाव्यात. मग पुढच्या नोव्हेंबरात नवे शिक्षक आले तरी त्यांना काटकोनापासून सुरुवात करावी लागणार नाही. कर्ण एकदा मोजायचा, तो जुळला की दोरी ताणायची.